‘उघड आहे’ म्हणजे सिद्ध झाले काय?

गणिताच्या ऑलिंपियाडमध्ये उत्तर म्हणून नुसता आकडा चालत नाही. सिद्धता द्यावी लागते. ती जेव्हा बारीक अक्षरात, समासापर्यंत दाटीवाटीने लिहिलेली असते, तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात दोन संशय उत्पन्न होतात. हे अक्षर कोणते, हा पहिला. आणि हे विधान सिद्ध झाले आहे की नुसतेच ठोकून दिले आहे, हा दुसरा. माझ्या मते पहिल्या संशयाचा फायदा लिहिणारास अवश्य द्यावा. दुसऱ्याचा मात्र देऊ नये.

विद्यार्थिमित्रांनो, १९६४ साली मॉस्को येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधील पहिलाच प्रश्न घ्या. n हा धन पूर्णांक असता 2ⁿ − 1 या संख्येस ७ ने निःशेष भाग केव्हा जातो, हे शोधावयाचे. आणि 2ⁿ + 1 या संख्येस ७ ने कधीच निःशेष भाग जात नाही, हे सिद्ध करावयाचे. कोणा एका विद्यार्थ्याचे दाट अक्षरातील उत्तर आपल्यापुढे आहे, असे समजू.

पहिल्या ओळीत तो म्हणतो की, 2, 4, 8, 16, 32, 64 यांना ७ ने भागले असता बाकी अनुक्रमे 2, 4, 1, 2, 4, 1 उरते. हे सहा भागाकार कोणीही करून पाहावेत. येथे वादास जागा नाही. दुसरी ओळ अशी : ‘याचप्रमाणे पुढेही 2, 4, 1 अशीच आवर्तने येतात, हे उघड आहे.’ येथे तपासणाऱ्याची पेन्सिल थांबली पाहिजे. पाहिल्या सहा संख्या, आणि विधान केले अगणित संख्यांविषयी! n² + n + 41 या राशीत n च्या जागी 1 पासून 39 पर्यंत कोणतीही संख्या घातली तरी मूळ संख्याच मिळते. परंतु 40 घालताच 1681, म्हणजे 41 × 41, मिळून तो नियम कोसळतो. एकोणचाळीस साक्षीदारही जेथे अपुरे पडतात, तेथे सहांची काय कथा?

परंतु त्याच ओळीशेजारी, समासात, मुंगीएवढ्या अक्षरात काही खरडलेले दिसते : 2ⁿ⁺³ − 2ⁿ = 7·2ⁿ. त्यातील 3 हा अंक घातांकात आहे की खाली ओळीवर, हे डोळ्यांना ठरविता येत नाही. तो ओळीवर धरला, तर डावी बाजू 2ⁿ + 3 − 2ⁿ, म्हणजे केवळ 3 होते, आणि उजव्या बाजूशी तिचा मेळ बसत नाही. घातांकात धरला, तर n = 1 असता 16 − 2 = 14, म्हणजे 7 × 2; मेळ बसतो. येथे निर्णय आपल्या दयेने झाला नाही. लिहिणाऱ्याच्याच उजव्या बाजूने तो दिला. या एका समीकरणाने दुसरी ओळ सिद्ध होते, कारण घातांक 3 ने वाढला तरी बाकी बदलत नाही.

पुढे तो लिहितो : ‘n = 3k असता 2ⁿ − 1 = 8ᵏ − 1, यास ७ ने भाग जातो. म्हणून n ही ३ ची पट हवी.’ 8ᵏ − 1 यास 8 − 1 ने भाग जातो, ही गोष्ट त्याने सिद्ध केलेली नाही. पण ती सर्वमान्य असल्याने चालेल. ‘म्हणून’ हा शब्द मात्र चालणार नाही. ३ ची पट घेतल्यास भाग जातो, हे एक विधान. इतर कोणत्याही n ला जात नाही, हे दुसरे. या ओळीने पहिलेच सिद्ध होते. दुसऱ्याचा आधार वर समासातच आहे : ३ ची पट नसलेल्या n साठी 2ⁿ ची बाकी 2 किंवा 4 उरते, म्हणून 2ⁿ − 1 ची 1 किंवा 3. तसेच 2ⁿ + 1 ची बाकी 3, 5 किंवा 2 येते, शून्य कधीच नाही. प्रश्नाचा दुसरा भागही त्यातूनच सुटतो.

आता समास कोरा होता, असे समजा. उत्तर तेच, ओळी त्याच. तरीही प्रश्नाचा मुख्य भाग असिद्धच राहिला असता. ‘मुलाला ते ठाऊकच असणार’ असे म्हणून ती जागा आपण मनातल्या मनात भरून काढली, तर ती सिद्धता आपली होईल, त्याची नव्हे. जाणत्या वाचकाकडून हे नकळत घडते, कारण त्याला पुढची पायरी आधीच दिसत असते.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. ‘उघड आहे’ हे शब्द खोडून तेथे ‘कारण’ असे लिहावे आणि पुढचे वाक्य पूर्ण करून पाहावे. ते कागदावरच्या मजकुरातून अथवा सर्वमान्य गोष्टीतून एका पायरीत पूर्ण झाले, तर विधान मान्य करावे. त्यासाठी नवी कल्पना शोधावी लागली, तर ते असिद्ध समजावे. आणि लिहिणारांनो, ज्या ओळीवर साऱ्या उत्तराचा भार आहे, तिला समासात कोंबू नका. तिला स्वतंत्र ओळ द्या.