दुसरे पाकीट कोण नेतो?

व्यापारात नवा माल आणताना पहिली चूक बहुधा मालात नसते, मोजण्यात असते. दुकानदाराने माल ठेवून घेतला म्हणजे विक्री झाली आणि नातेवाइकांनी वाखाणला म्हणजे तो लोकांना आवडला, असे गृहीत धरले जाते. या दोन्ही समजुती तपासण्यासाठीच पूर्ण बाजारात उतरण्यापूर्वी एक लहान चाचणी-तुकडी विकून पाहायची असते.

उदाहरणादाखल सांगलीकडील एका किराणा व्यापारी कुटुंबाची कल्पना करावी. मुलाने नाचणीचा खाकरा काढण्याचे ठरविले आहे. साडेसहा लाखांचे यंत्र आणि पाकिटांसाठी छापील रोल अशी त्याची मागणी आहे. छापील रोलसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि छापणारा थोडा माल छापून देत नाही. म्हणजे चव, वजन, नाव यांपैकी काहीही पुढे बदलले तर तो सारा रोल रद्दी ठरतो. यंत्राचा पैसा दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून काढावा, असेही मुलगा सुचवितो. ते त्याहून धोक्याचे आहे. ती मर्यादा फिरत्या मालासाठी असते. ती यंत्रात अडकली की दिवाळीचा किराणा भरायला हातात पैसा उरत नाही.

वडिलांनी नकार दिला नाही. एवढेच म्हणाले, “आधी तीनशे पाकिटे विकून दाखव. मग यंत्राचे बोलू.”

ही तीनशे पाकिटे तव्यावर खाकरा भाजणाऱ्या महिलांकडून करून घेतली. निम्मी मसाला, निम्मी साधी जिऱ्याची. साध्या पाऊचवर स्टिकर लावले. तुकडी लहान असली तरी अन्नपरवान्याचा क्रमांक, घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख आणि किंमत लेबलवर असावीच लागते, त्यातून सूट नाही. २०० ग्रॅमचे पाकीट ९० रुपयांना, दुकानदाराला १८ रुपये सुटतील अशा हिशेबाने दिले. पुढे जी किंमत आणि जो नफा द्यायचा आहे तोच चाचणीतही द्यावा. सवलतीत विकलेले पाकीट सवलतीची मागणी सांगते, मालाची नव्हे.

सहा दुकाने निवडली, तीही आपल्या गल्लीबाहेरची. नात्यातील व स्नेह्यांची खरेदी वेगळ्या पानावर लिहून हिशेबातून वगळली. ती खरेदी मालाची नसते, संबंधांची असते. पर्युषणाचा काळही मुद्दाम टाळला. त्या दिवसांत खाकऱ्याला उठाव असतोच, त्यावरून उरलेल्या अकरा महिन्यांचा अंदाज बांधता येत नाही.

पहिल्याच दिवशी तीनशेही पाकिटे दुकानांत पोहोचली. मुलाला वाटले, माल संपला. खरे तर तो केवळ एका फळीवरून दुसऱ्या फळीवर गेला होता. म्हणून दर सोमवारी प्रत्येक दुकानातील शिल्लक पाकिटे प्रत्यक्ष मोजण्याचे ठरले. दिलेल्या मालातून शिल्लक आणि परत आलेला माल वजा केला की जे उरते तीच ग्राहकाने केलेली खरेदी. चार आठवड्यांचे आकडे असे आले : ८४, ६१, ३८ आणि ३५. एकूण २१८.

उतरते आकडे पाहून निराश होणे किंवा २१८ च्या बेरजेने हुरळून जाणे, दोन्ही चूक. पहिल्या दोन आठवड्यांत कुतूहल विकले जाते. माल टिकणार की नाही हे दुसऱ्यांदा येणारा ग्राहक सांगतो. त्यासाठी, गिऱ्हाइकांना नावाने ओळखणाऱ्या दोन दुकानदारांच्या गल्ल्याशेजारी एक वही ठेवली होती. कोणी, कोणत्या तारखेला, कोणता खाकरा नेला, एवढेच तीत लिहायचे.

चाचणीपूर्वीच वडिलांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते की, पहिल्या पंधरवड्यातील ग्राहकांपैकी किमान एक-तृतीयांश महिनाअखेरपर्यंत पुन्हा आले तरच पुढे जायचे. हा निकष आधी लिहिणे अत्यावश्यक असते. आकडे आल्यावर निकष ठरविला की तो नेमका आलेल्या आकड्यांच्या खाली बसतो.

वहीत ४४ ग्राहक निघाले. पुन्हा आले १३. एक-तृतीयांशाला दोन कमी. “जवळजवळ झालेच की,” असे मुलगा म्हणाला, तेव्हा वडिलांनी बेरीज बाजूला ठेवून दोन्ही प्रकार वेगळे काढायला सांगितले. मसाला खाकरा ३० जणांनी नेला होता. परत आले ४. साधा फक्त १४ जणांनी नेला होता. परत आले ९.

घरी चाखून पाहताना सर्वांनी मसाल्यालाच पसंती दिली होती. ती खोटी नव्हती. एक तुकडा चाखणे आणि रोजच्या चहाबरोबर खाणे ही दोन वेगळी कामे आहेत. कोका-कोला कंपनीने सुमारे दोन लाख लोकांकडून नव्या चवीची पारख करून घेतली, बहुसंख्यांनी ती पसंत केली आणि २३ एप्रिल १९८५ रोजी जुने पेय बदलण्यात आले. लोकांचा रोष असा उसळला की ११ जुलैला जुने पेय परत आणण्याची घोषणा करावी लागली. घोटभर चाखताना, जुने पेय यापुढे मिळणार नाही, हे ग्राहकाला कोणी सांगितले नव्हते.

म्हणून दुकानदारांना सांगितले होते की, “आवडला का?” असे विचारू नका, “शेवटचे पाकीट केव्हा संपले, कोणी खाल्ले?” असे विचारा. मसाल्याचे पाकीट पाहुण्यांपुढे एकदा ठेवले गेले होते. साधे पाकीट आठवड्यात संपले होते, आणि परत येणाऱ्यांपैकी काहींनी एकदम दोन नेली होती.

उरलेल्या ८२ पाकिटांनीही काही सांगितले. त्यांतील १९ पाकिटांतला खाकरा मोडलेला होता. बहुतेक पाकिटे सर्वांत दूरच्या दोन दुकानांतली होती. म्हणजे दोष चवीचा नसून खोक्यातील मांडणीचा होता. शिवाय पहिल्या घाण्याची काही पाकिटे घरी राखून दर आठवड्याला एक फोडून पाहिले जात होते. तेल खवट होणे आणि खाकरा मऊ पडणे केव्हा सुरू होते, हे समजल्याशिवाय ‘अमुक दिवसांत वापरावे’ असे छापू नये.

खर्च पाकिटामागे ५८ रुपये, म्हणजे १७,४०० रुपये. हाती आले २१८ पाकिटांचे १५,६९६. सतराशे चार रुपयांच्या तोट्यात कळले ते हे की, मुलाने जो मसाला खाकरा यंत्रावर काढायला आणि रोलवर छापायला घेतला होता, तोच चालणार नव्हता.

तरीही साध्या खाकऱ्याचे यंत्र लगेच मागविले नाही. चौदा ग्राहकांवरून दिशा कळते, बाजार कळत नाही. शिवाय विकला गेलेला खाकरा तव्यावरचा होता. यंत्रावरचा तसाच लागेल याची खात्री नव्हती. म्हणून दुसरी तुकडी फक्त साध्या खाकऱ्याची, दुसऱ्याच्या यंत्रावर मजुरीने करून घेतलेली, नव्या मांडणीच्या खोक्यांतून आणि नव्या दुकानांत द्यायची, असे ठरले. वहीच्या पुढच्या पानावर निकष पुन्हा लिहिला गेला, आणि या वेळी तो मुलाने लिहिला.