विश्लेषण : एआय मॉडेल मोठे करत जाण्याचा फायदा आता का घटतो आहे?

‘ओपनएआय’ने फेब्रुवारी २०२५ मध्ये जीपीटी-४.५ आणले, तेव्हा ते कंपनीचे आजवरचे सर्वांत मोठे मॉडेल असल्याचे सांगितले गेले. विकासकांसाठी त्याचा दर दहा लाख टोकनमागे ७५ डॉलर होता, म्हणजे जीपीटी-४ओच्या तब्बल तीसपट. एप्रिलमध्येच कंपनीने ते विकासकांच्या सेवेतून काढून घेणार असल्याचे जाहीर केले. जवळपास तेवढेच काम कमी खर्चात करणारे दुसरे मॉडेल उपलब्ध आहे, हे कारण देण्यात आले. ‘मोठे म्हणजे चांगले’ या नियमाचे मग झाले काय? नियम मोडला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो मोडलेला नाही. परतावा घटत जाणार, हे त्याच्या गणितात पहिल्यापासूनच होते.

हा नियम काय सांगतो?

भाषेचे मॉडेल घडते ते एकच काम पुन:पुन्हा करून : पुढचा शब्द, खरे तर शब्दाचा तुकडा म्हणजे टोकन, ओळखणे. अंदाज किती चुकतो याचे मोजमाप ‘लॉस’ या आकड्यात होते. जानेवारी २०२० मध्ये ‘ओपनएआय’च्या जॅरेड कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मॉडेलमधील पॅरामीटर, शिकवणीचा मजकूर आणि संगणनशक्ती वाढवली की हा आकडा बेभरवशाने नव्हे, तर ठरावीक वक्ररेषेवरून उतरतो. त्यामुळे लहान मॉडेलवरून मोठ्याचा अंदाज आधीच बांधता येऊ लागला. कोट्यवधी डॉलर लावण्याचे धाडस कंपन्यांना आले ते यामुळे.

पण तीच रेषा नीट वाचली तर इशाराही दिसतो. कॅप्लन यांच्या आकड्यांनुसार संगणनशक्ती दहापट केली तर लॉस साधारण ११ टक्क्यांनी घटतो. तो निम्म्यावर आणायचा तर संगणनशक्ती सुमारे दहा लाखपट वाढवावी लागेल.

‘चिंचिला’ने काय बदलले?

पैसा दहापट मिळाला तर तो मॉडेल मोठे करण्यावर घालायचा की जास्त मजकूर शिकवण्यावर? कॅप्लन यांचे उत्तर होते : मॉडेल सुमारे साडेपाचपट करा, मजकूर जेमतेम दुप्पट. त्या काळातील मॉडेल याच वाटेने गेली. जीपीटी-३ मध्ये १७,५०० कोटी पॅरामीटर होते, पण त्याला शिकवलेली टोकन होती ३० हजार कोटी, म्हणजे एका पॅरामीटरमागे दोनही नाहीत.

मार्च २०२२ मध्ये ‘डीपमाइंड’च्या जॉर्डन हॉफमन आणि सहकाऱ्यांनी चारशेहून अधिक लहानमोठी मॉडेल घडवून हे उत्तर पुन्हा तपासले. निष्कर्ष वेगळा निघाला : मॉडेल आणि मजकूर सारख्याच प्रमाणात वाढले पाहिजेत, साधारण एका पॅरामीटरमागे वीस टोकन. पुराव्यासाठी त्यांनी ‘चिंचिला’ घडवले. त्यात ७ हजार कोटी पॅरामीटर आणि १ लाख ४० हजार कोटी टोकन होती. त्यांचेच आधीचे ‘गोफर’ आकाराने चौपट होते, म्हणजे २८ हजार कोटी पॅरामीटरचे, पण ते ३० हजार कोटी टोकनवरच शिकले होते. दोन्हींना संगणनशक्ती जवळपास सारखीच लागली. तरी अनेक विषयांच्या एका प्रसिद्ध चाचणीत ‘गोफर’ला ६० टक्के, तर ‘चिंचिला’ला ६७.५ टक्के गुण मिळाले.

घट कुठे दिसते?

हॉफमन यांच्या सूत्रात लॉसचे तीन भाग आहेत. एक मॉडेल लहान असल्यामुळे राहिलेली चूक, दुसरा मजकूर कमी पडल्यामुळे राहिलेली आणि तिसरा कधीच न जाणारा. भाषेतच अनिश्चितता असते. ‘तो घरी’ यापुढे गेला, आला, होता यांपैकी काय येईल, हे कोणालाही नक्की सांगता येत नाही. हा तळ त्यांनी १.६९ मोजला.

सूत्रात आकडे घातले की ‘गोफर’चा लॉस १.९९ आणि ‘चिंचिला’चा १.९४ येतो. आता ‘चिंचिला’च्या दहापट संगणनशक्ती वापरून मॉडेल आणि मजकूर सारख्या प्रमाणात वाढवले, तर लॉस सुमारे ०.०७ ने उतरतो. आणखी दहापट केली तर ०.०५ ने. त्यानंतरच्या दहापटीत ०.०४ हून कमी. खर्च हजारपट होतो आणि प्रत्येक पायरी आधीपेक्षा बुटकी होत जाते. २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हे सूत्र तपासले तेव्हा त्यातील काही आकडे दुरुस्त करावे लागले. वक्ररेषेचा घाट मात्र तोच राहिला.

मजकूर संपतो आहे का?

‘चिंचिला’च्या हिशेबात मजकूर कमी पडल्याची चूक ०.१६ आहे, तर मॉडेल लहान असल्याची ०.०८. म्हणजे खरी टंचाई मजकुराची आहे. ‘मेटा’चे लामा-३ हे २०२४ मध्येच सुमारे १५ लाख कोटी टोकनवर शिकले. ‘एपॉक एआय’ या संस्थेच्या अंदाजानुसार माणसांनी लिहिलेला वापरण्याजोगा सार्वजनिक मजकूर सुमारे ३०० लाख कोटी टोकन आहे आणि तो २०२६ ते २०३२ दरम्यान पूर्ण वापरून होईल. तोच मजकूर पुन्हा शिकवता येतो, पण २०२३ च्या एका अभ्यासात चार फेऱ्यांपर्यंतच तो नव्या मजकुराच्या जवळपास तोलाचा ठरला. पुढे लाभ झपाट्याने ओसरतो. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ओपनएआय’चे सहसंस्थापक इल्या सुत्स्केव्हर यांनी म्हणूनच या मजकुराला जीवाश्म इंधनाची उपमा दिली.

मग प्रगती थांबली का?

नाही. लॉस म्हणजे उपयुक्तता नव्हे. आकड्यात किंचित वाटणारी घट एखाद्या कामात मोठा फरक पाडू शकते, किंवा काहीच पाडत नाही. ते सूत्र सांगत नाही. शिवाय सप्टेंबर २०२४ मधील ओ१ पासून कंपन्यांनी दुसरी वाट धरली : उत्तर देण्याआधी मॉडेलला जास्त वेळ ‘विचार’ करू द्यायचा. गणित आणि प्रोग्रॅमिंगमध्ये उत्तर बरोबर की चूक हे तपासता येते, म्हणून तिथे हे फळले. पण याही वाटेवर सुधारणेसाठी खर्च पटींत वाढवावा लागतो. शिवाय तो एकदाच शिकवताना नव्हे, प्रत्येक प्रश्नाला होतो.

मराठीसाठी याचा अर्थ काय?

इंग्रजी ज्या भिंतीजवळ आता पोहोचते आहे, तिथून मराठीची सुरुवातच होते. महाजालावर मराठी मजकूर मुळातच थोडा आहे. त्यामुळे सूत्रातील मजकुराचा भाग सर्वांत मोठा राहतो आणि केवळ पॅरामीटर वाढवून तो भरून निघत नाही. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये १० हजार ३७२ कोटींचे ‘इंडियाएआय मिशन’ मंजूर केले. त्यातून भारतीय भाषांसाठी काही करायचे तर आणखी चिप घेण्याआधी जुनी पुस्तके, नियतकालिके, कोश आणि सरकारी दफ्तर स्वच्छ, शोधता येईल अशा मजकुरात आणणे अधिक लाभाचे ठरेल. वक्ररेषेवर मराठी अजून चढणीच्या पायथ्याशी आहे. इथे टाकलेला प्रत्येक नवा मजकूर इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त चूक कमी करेल, आणि हेही त्याच नियमाचे सांगणे आहे.