कमी हप्ता, जास्त व्याज : कर्ज पुनर्रचनेचा खरा हिशेब

कर्जाच्या पुनर्रचनेसाठी शाखेत आलेल्या ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "नवा हप्ता किती बसेल?" प्रश्न स्वाभाविक आहे. ज्याच्या घरी महिनाअखेर ओढाताण होते, त्याला हप्त्याचाच आकडा प्रथम दिसणार. दुर्दैवाने बहुतेक वेळा तोच आकडा पाहून प्रस्तावावर सही होते. परंतु हप्ता हे केवळ त्या महिन्याचे ओझे आहे, ती कर्जाची किंमत नव्हे. कर्जाची किंमत म्हणजे आजपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत मुद्दलाखेरीज द्यावी लागणारी रक्कम. जुने कर्ज आणि पुनर्रचनेचा प्रस्ताव यांची तुलना प्रथम या एका रकमेवर व्हावयास हवी.

उदाहरणादाखल बडोद्यातील एका मराठी कुटुंबाचे गृहकर्ज घेऊ. कर्जदार एका कारखान्यात नोकरीला असून त्यांचे वय ४८ आहे आणि निवृत्ती ५८व्या वर्षी आहे. घराचे हप्ते बरीच वर्षे नियमित भरले गेले. आता २० लाख रुपये मुद्दल शिल्लक आहे, व्याजदर ९ टक्के आहे आणि १२० हप्ते उरले आहेत. दरमहा हप्ता २५,३३५ रुपये. कारखान्यातील जादा कामाचा भत्ता बंद झाला आणि घरखर्चात महिन्याला पाच-साडेपाच हजारांची तूट पडू लागली. बँकेपुढे अडचण मांडल्यावर प्रस्ताव आला : परतफेडीची मुदत १० वर्षांऐवजी १५ वर्षे, कर्ज रेपो दराशी निगडित व्याजदरावर नेऊन दर ९ ऐवजी साडेआठ टक्के आणि नवा हप्ता १९,६९५ रुपये. हप्ता कमी, दरही कमी. नाही म्हणावे असे या कागदावर वरकरणी काहीच दिसत नाही.

आता साधा गुणाकार करून पाहावा. जुन्या कर्जाचे उरलेले १२० हप्ते मिळून ३०,४०,२०० रुपये होतात. त्यातून २० लाख मुद्दल वजा केले की उरते व्याज : १०,४०,२०० रुपये. नव्या प्रस्तावाचे १८० हप्ते मिळून ३५,४५,१०० रुपये होतात, म्हणजे व्याज १५,४५,१०० रुपये. दर अर्धा टक्का उतरूनही पाच लाखांहून अधिक जादा व्याज द्यावे लागणार. प्रस्ताव स्वीकारण्याचे शुल्क असेल तर तेही नव्या बाजूलाच मिळवावे.

हे असे का होते, याचे उत्तर पहिल्याच महिन्याच्या हिशेबात सापडते. जुन्या हप्त्यातील १५,००० रुपये व्याजापोटी जात आणि १०,३३५ रुपयांनी मुद्दल घटत असे. नव्या हप्त्यातील १४,१६७ रुपये व्याजाला जातात आणि मुद्दलाच्या वाट्याला येतात जेमतेम ५,५२८ रुपये. व्याज फारसे कमी झालेले नाही. निम्मी झाली आहे ती मुद्दलाची फेड. मुद्दल सावकाश उतरते, म्हणून पुढच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मोठ्या शिलकीवर लागत राहते. याचा परिणाम असा की, ज्या दिवशी जुने कर्ज संपले असते, त्या निवृत्तीच्या दिवशी या कुटुंबाच्या डोक्यावर अजून सुमारे ९ लाख ६० हजार रुपयांचे कर्ज असेल. पगार थांबलेला आणि हप्त्यांची पाच वर्षे बाकी.

प्रस्तावात दोन बदल एकत्र बांधलेले आहेत, ते सुटे करून पाहणे हा या तुलनेतील सर्वांत उपयुक्त भाग होय. मुदत १० वर्षेच ठेवून केवळ दर साडेआठ टक्के केला असता, तर हप्ता २४,७९७ रुपये झाला असता आणि एकूण व्याज ९,७५,६४० रुपये. म्हणजे दरकपातीने ६४,५६० रुपये वाचतात आणि मुदतवाढीने ५,६९,४६० रुपये वाढतात. एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने नऊपट परत जाते. शिवाय दरकपात मिळण्यासाठी पुनर्रचनेची गरज असतेच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी जोडलेली असतात. जुन्या पद्धतीच्या दरावरील कर्जदाराला त्या दरावर येण्याची स्वतंत्र विनंती करता येते. ती विनंती आणि पुनर्रचना या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुनर्रचनेची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाऊ शकते आणि पुढचे कर्ज मागताना ती समोर येते. केवळ दर बदलून घेण्याचे तसे नसते.

मग प्रस्ताव नाकारावा काय? तसा निष्कर्ष घाईचा ठरेल. एकूण व्याजाच्या तुलनेलाही मर्यादा आहेत. पंधरा वर्षांनंतरच्या रुपयाचे मोल आजच्या रुपयाइतके नसते, ही एक मर्यादा. दुसरी अधिक महत्त्वाची : जुना हप्ता खरोखरच भरता येत नसेल, तर 'जुने कर्ज' हा पर्यायच उरत नाही. तेव्हा तुलना थकबाकीशी करावी लागते. हप्ता चुकला की दंडात्मक शुल्क लागते, ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि त्यानंतर तारण मालमत्तेसाठी ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. घर राखण्यासाठी जादा व्याज देणे हा तेव्हा शहाणपणाचाच निर्णय असतो.

बडोद्याच्या कुटुंबाची अडचण मात्र निराळी आहे. त्यांची तूट दोनेक वर्षांची आहे, कारण दोन वर्षांनी मुलाचे शिक्षण पूर्ण होऊन तो खर्च थांबणार आहे. दोन वर्षांच्या अडचणीवर पंधरा वर्षांचे औषध दिले जात आहे, हा या प्रस्तावाचा खरा दोष. समजा, त्यांनी प्रस्ताव स्वीकारला, २४ महिने १९,६९५ रुपये भरले आणि २५व्या महिन्यापासून पुन्हा जुन्याइतकेच म्हणजे २५,३३५ रुपये भरू लागले. दोन वर्षांअखेर मुद्दल सुमारे १८ लाख ५६ हजार असेल. तेथून पुढे कर्ज आणखी १०४ हप्त्यांत, म्हणजे आजपासून १२८व्या महिन्यात फिटते आणि शेवटचा हप्ता तर लहानच असतो. एकूण व्याज होते सुमारे १०,९९,००० रुपये. जुन्या कर्जापेक्षा ही रक्कम साधारण ५९ हजारांनीच अधिक आहे. प्रस्ताव तोच, दर तोच. परंतु हप्ता पुन्हा वर नेला तर जादा किंमत ५९ हजार आणि न नेला तर पाच लाख. पुनर्रचना महाग पडते ती सवलत घेतल्याने नव्हे, गरज सरल्यावरही सवलत चालू ठेवल्याने.

येथे व्यवहारातली एक अडचण लक्षात ठेवावी लागते. हप्ता पुन्हा वाढवीन, असा मनोमन केलेला संकल्प फार काळ टिकत नाही. पगार वाढतो तसा खर्चही वाढतो आणि कमी हप्ता अंगवळणी पडतो. म्हणून प्रस्ताव स्वीकारतानाच २५व्या महिन्यापासून हप्ता वाढविण्याची लेखी विनंती द्यावी आणि बँकखात्यातून होणाऱ्या वसुलीच्या आदेशातही तशी रक्कम नोंदवावी. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क बँकांना घेता येत नाही. तेव्हा जादा भरणा विनाशुल्क होतो. मात्र जादा भरलेल्या रकमेने हप्ता कमी न करता मुदत कमी करावी, हे स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे. अन्यथा रक्कम भरूनही हप्ता तेवढा उतरतो, मुदत जागच्या जागी राहते आणि अपेक्षित बचत हाती लागत नाही.

तुलना करताना दोन चुका हमखास होतात. पहिली चूक म्हणजे जुन्या कर्जावर आजवर भरलेले व्याजही जुन्या बाजूला धरणे. ते व्याज गेलेले आहे. प्रस्ताव स्वीकारला किंवा नाकारला तरी ते परत येत नाही. दोन्ही बाजूंचा हिशेब एकाच तारखेपासून पुढे मांडावा. दुसरी चूक म्हणजे नव्या कर्जाचे आरंभीचे मुद्दल न पाहणे. हप्त्यांना काही महिने स्थगिती दिली असेल तर त्या काळातले व्याज मुद्दलात मिळविले जाते. २० लाखांवर ९ टक्के दराने वर्षभर हप्ता भरलाच नाही, तर मुद्दल सुमारे २१ लाख ८८ हजार होते. नव्या पत्रातील मुद्दल आजच्या शिलकीपेक्षा अधिक दिसले, तर फरक कशाचा हे विचारल्याशिवाय सही करू नये. अशा वेळी एकूण हप्त्यांतून वजा करावयाची ती आजची शिल्लक, पत्रातला वाढीव आकडा नव्हे.

या हिशेबासाठी लागणारी माहिती मिळविणे आता अवघड राहिलेले नाही. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार हप्त्याने फेडावयाच्या बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जांचे विवरण दर तिमाहीस ग्राहकाला उपलब्ध व्हावयास हवे. त्यात आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असतात. व्याजदर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, हे निवडण्याची मुभाही त्याच परिपत्रकाने कर्जदाराला दिली. पुनर्रचनेच्या टेबलावरही हाच न्याय लागू व्हावा.

म्हणून बँकांच्या प्रस्तावपत्रात नव्या हप्त्याच्या शेजारी तीन रकमा छापल्या जाव्यात : जुन्या कर्जाचे उर्वरित व्याज, नव्या प्रस्तावाचे एकूण व्याज आणि दोन वर्षांनी हप्ता पूर्ववत केल्यास होणारे व्याज. तोवर हे काम शाखेतल्या अधिकाऱ्यानेच करावे. गणकयंत्रावर त्याला पाच मिनिटे पुरतात. या आकड्यांमुळे एखादा ग्राहक प्रस्ताव नाकारील, तर नाकारू द्यावा. जो स्वीकारील, त्याला निवृत्तीच्या दिवशी साडेनऊ लाखांचे कर्ज अनपेक्षितपणे समोर उभे राहिलेले दिसणार नाही आणि "हे तेव्हाच का सांगितले नाही?" असे विचारण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.