नुसतं ‘बोला’ पुरत नाही
‘नमस्कार, एक विचारू का?’ एवढाच मेसेज टाकून माणूस थांबतो. आपला समोरच्याला त्रास नको, तोंडावर नकार नको, म्हणून तो आधी अंदाज घेत असतो. नुसतं ‘बोला’ म्हटलं, तर ‘जमिनीचं काम होतं’ एवढंच येतं आणि पुन्हा शांतता. त्यापेक्षा लिहावं : ‘नमस्कार, निःसंकोच विचारा. काम काय, गाव-गट नंबर कोणता, आतापर्यंत काय केलंत, सगळं एकदमच लिहा. सातनंतर उत्तर देतो.’ मग ‘वडील वारले, सातबारावर वारसनोंद करायचीय, मृत्यूचा दाखला आहे’ असं नेमकं कळतं आणि ‘वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून वारसनोंदीचा अर्ज द्या’ हे लगेच सांगता येतं. उत्तर माहीत नसेल, तर तेही त्याच दिवशी कळवा. त्याला दुसरं दार ठोठावता येईल.