कॉफी आधी फुलू द्या, मग ओता

बंगळुरूत राहायला आलेल्या मराठी माणसाची कॉफीशी ओळख साधारण फिल्टर कापीपासून होते. स्टीलचा डबरा-टंबलर, घट्ट डिकॉक्शन, दूध, साखर. मग कधीतरी बेळ्ळंदूरच्या एखाद्या कॅफेत काचेच्या भांड्यावर ठेवलेला शंकूसारखा ड्रिपर दिसतो आणि त्यावर कुणीतरी अगदी सावकाश, गोल गोल पाणी ओतत असतं. तेच पोर-ओव्हर. त्यात ना दूध, ना साखर. तरीही नीट जमली तर ही कॉफी स्वच्छ लागते आणि गिळल्यावर जिभेवर गोडसर चव रेंगाळते.

ही गोडी साखरेची नसते. बियांमधली बहुतेक साखर भाजतानाच संपते. कडूपणा आणि आंबटपणा एकमेकांवर कुरघोडी न करता एकत्र आले, की आपल्याला ती चव गोड वाटते. आणि स्वच्छपणा येतो कागदामुळे, कारण कॉफीचं तेल आणि पिठासारखी बारीक पूड कागदातच अडकते. कागदाची ही युक्ती एका गृहिणीची आहे. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेन्ट्झ यांनी पितळी भांड्याला भोकं पाडली, त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला आणि गाळ नसलेली कॉफी काढली. आज आपण वापरतो तो ड्रिपर त्याच भांड्याचा नातेवाईक!

आता एका कपाचं माप. १५ ग्रॅम कॉफी आणि २४० ग्रॅम पाणी, म्हणजे एकास सोळा. पाणीसुद्धा ग्रॅममध्येच मोजायचं, कारण ड्रिपर आणि कप दोन्ही वजनकाट्यावर ठेवून ओतणं सर्वात सोपं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावा. पूड उपम्याच्या रव्यासारखी हवी. दुकानातली फिल्टर कॉफीची पूड इथे चालत नाही. ती फार बारीक असते आणि बहुतेक वेळा तिच्यात चिकोरीही असते, त्यामुळे पाणी कागदावर तुंबून बसतं. कागद आधी गरम पाण्याने ओला करून ते पाणी फेकून द्या, म्हणजे कागदाचा वास जातो आणि ड्रिपरही तापतो.

पाणी किती गरम, याची बंगळुरूत फार चिंता करावी लागत नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९७ अंशांनाच उकळतं. हलक्या किंवा मध्यम भाजलेल्या कॉफीसाठी उकळी आली की लगेच ओता. मुंबईत असाल तर उकळीनंतर अर्धा मिनिट थांबा. काळपट भाजलेली कॉफी असेल तर मात्र दोन-तीन मिनिटं थांबलेलंच बरं, नाहीतर जळकट चव पुढे येते.

पहिल्यांदा फक्त ४५ ग्रॅम पाणी ओतायचं, म्हणजे कॉफीच्या तिप्पट. सगळी पूड भिजली पाहिजे, कोरडा खिसा कुठे राहता कामा नये. ड्रिपर हातात धरून एकदा-दोनदा हलकेच गोल फिरवा आणि पाऊण मिनिट हात लावू नका. यालाच ब्लूम म्हणतात. बिया भाजताना त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बरेच दिवस आत कोंडून राहतो. गरम पाणी लागताच तो बाहेर यायला लागतो, म्हणून पूड फुगते, बुडबुडे येतात, ढोकळ्याच्या पिठासारखी जाळी दिसते. हा वायू बाहेर जात असताना पाण्याला आत शिरू देत नाही. आपण सगळं पाणी एकदम ओतलं तर ते वायूला चुकवून जिथे वाट मिळेल तिथून निसटतं. मग काही पुडीचा अर्क जास्त निघतो आणि काही कोरडीच राहते. म्हणून आधी वायूला जाऊ द्यायचं.

ब्लूम पाहून कॉफीचं वयही कळतं. चांगली टम्म फुगली तर ताजी. अगदी सपाट राहिली तर पाकीट उघडून बरेच दिवस झालेले आहेत, तंत्र कितीही चोख असलं तरी कप फिका होणार. उलट कालच भाजलेली कॉफी इतका फेस काढते की पाऊण मिनिट पुरत नाही. चिकमगळूर किंवा कोडगूच्या मळ्यांतली कॉफी घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. त्यानंतर एक ते दोन आठवड्यांनी ती रंगात येते.

पाऊण मिनिट झालं की दुसरं ओतणं. किटलीची तोटी पुडीच्या जवळ धरा, धार पेन्सिलइतकी बारीक ठेवा. मध्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला गोल गोल जा, पुन्हा मध्याकडे या. सुमारे २५ सेकंदांत काटा १५० वर यायला हवा. कडेला कागदावर धार सोडू नका. तिथलं पाणी पुडीला न शिवता कागदामागून सरळ कपात उतरतं, म्हणजे आपणच आपली कॉफी पातळ करतो. धार खूप उंचावरूनही नको. उंचावरून पडणारं पाणी पूड ढवळतं, त्यातला पिठासारखा भाग सुटून खाली जातो आणि कागदाची छिद्रं बुजवतो. बगळ्याच्या मानेसारख्या तोटीची किटली नसेल तर बारीक तोटीची चहाची किटली घ्या. पातेल्यातून मात्र हे काम होत नाही.

ड्रिपरमधलं पाणी अर्ध्यावर आलं की तिसरं आणि शेवटचं ओतणं, तसंच गोल, २४० पर्यंत. हे साधारण दोन मिनिटांच्या आत संपतं. एकदा हलकेच फिरवा म्हणजे कडेला चिकटलेली पूड खाली येईल, आणि थांबा. आता पाणी स्वतःच्या वेगाने खाली उतरतं, तो ड्रॉडाउन. पुडीवरचं पाणी दिसेनासं झालं, ओली चकाकी तेवढी उरली, की घड्याळ बघा. पहिल्या थेंबापासून मोजून तीन मिनिटांच्या आसपास असेल तर ठीक. कपात २४० नाही, २१० ग्रॅमच्या आसपास कॉफी येते. उरलेलं पाणी पूड पिऊन बसते, कारण ती आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते.

या वेळेचा उपयोग कसा करायचा ते एका खऱ्या कपावरून सांगते. आमच्या सोसायटीत कोल्हापूरच्या एक काकू आहेत. मुलाने त्यांना ड्रिपर आणि हाताने फिरवायचं ग्राइंडर आणून दिलं. एका रविवारी मला बोलावून म्हणाल्या, “अगं, ही कॉफी आहे का कारल्याचा रस? पिऊन तरी बघ.” चव खरंच कडू होती आणि जीभ कोरडी पडत होती, कच्चं केळं खाल्ल्यासारखी. मी म्हटलं, “काकू, पुन्हा करा, मी फक्त घड्याळ लावते.”

त्यांनी माप अगदी बरोबर घेतलं, ब्लूमही छान झाला. मग मात्र त्या थोडं थोडं करत पाच वेळा पाणी ओतत गेल्या. शेवटचं पाणी उतरायलाच अडीच मिनिटं लागली आणि एकूण वेळ झाली ४ मिनिटं ४० सेकंद. ड्रिपरमध्ये वर चिखलासारखा गुळगुळीत थर बसला होता. हीच खूण. पूड बारीक आहे आणि वारंवार ओतल्याने पीठ खाली जाऊन कागद तुंबला आहे. पाणी जास्त वेळ पुडीत रेंगाळलं की शेवटी कडू आणि तुरट भागच निघत राहतो.

आम्ही आधी फक्त दळण बदललं, ग्राइंडर दोन खुणा जाड केलं. ओतणं तसंच पाच वेळा. वेळ आली ३ मिनिटं ४० सेकंद, कडूपणा निम्मा झाला, पण तुरटपणा राहिला. तिसऱ्या खेपेला दळण तेच ठेवलं आणि ब्लूमनंतर दोनच वेळा ओतलं. वेळ ३ मिनिटं ५ सेकंद. काकूंनी घोट घेतला, थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, “काकवीसारखं काहीतरी मागे राहतंय गं.” एका वेळी एकच गोष्ट बदलल्यामुळे कशामुळे काय झालं ते कळलं. दोन्ही एकदम बदललं असतं तर कप सुधारला असता, पण पुढच्या पाकिटाला काय करायचं ते समजलं नसतं.

उलटी तक्रारही असते. पाणी दोन मिनिटांच्या आतच उतरून गेलं आणि कॉफी लिंबासारखी आंबट, पाणचट लागली, तर दळण एक खूण बारीक करा. वेळ अगदी तीन मिनिटं आणि तरी कप एकाच वेळी आंबटही आणि कडूही असेल तर ड्रिपरमध्ये डोकावून बघा. मध्ये खड्डा पडलेला दिसेल किंवा पूड एका बाजूला चढलेली असेल. म्हणजे धार एकाच जागी पडत राहिली आणि पाण्याने तिथूनच वाट काढली. अशा वेळी दळणाला हात लावायचा नाही, हात गोल फिरवायचा सराव करायचा. नीट झालेल्या कपाची उरलेली पूड सपाट असते.

शंका असेल तर अजून एक गंमत करून बघा. अगदी शेवटी पडणारे थेंब वेगळ्या चमच्यात धरा आणि चाखा. फिके आणि कडवट लागले, तर पुढच्या वेळी ते पडण्याआधीच ड्रिपर उचलून सिंकमध्ये ठेवा. कपात थोडी कमी कॉफी येईल, पण स्वच्छ येईल.

बेळ्ळंदूरकरांसाठी पाण्याबद्दल थोडंसं. इथल्या कितीतरी सोसायट्या टँकरच्या, बोअरवेलच्या पाण्यावर चालतात. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरत असेल तर ते पाणी जड आहे. त्यातले क्षार कॉफीचा आंबटपणा मारून टाकतात आणि चव खडूसारखी सपाट होते. नुसत्या आरओच्या पाण्यात क्षार फार कमी उरतात, त्यात चव टोकदार पण पोकळ वाटू शकते. घरात पिण्याचं पाणी दोन प्रकारचं असेल तर एकाच दिवशी दोन्हींचा एकेक कप करून शेजारी ठेवा.

दोघांसाठी करायची असेल तर ३० ग्रॅम कॉफीला ४८० ग्रॅम पाणी, ब्लूमला ९०. पुडीचा थर जाड झाल्याने तीन मिनिटांत पाणी उतरणार नाही, साडेतीन ते चार मिनिटं धरा आणि दळण किंचित जाड ठेवा. आणि यात दूध घालू का, असं विचारणाऱ्यांना उत्तर एकच, त्यासाठी आपलं डिकॉक्शनच छान. पोर-ओव्हर इतकी पातळ असते की दुधात ती हरवून जाते.