विवरणपत्र भरलेले दिसते, पण पूर्ण असते का?

नोकरदाराने incometax.gov.in वर आयटीआर-१ (सहज) उघडला की पगार, कापलेला टीडीएस आणि बँकेचे व्याज आधीच भरलेले दिसते. ही सोय चांगली आहे. पण ही माहिती कंपनी, बँक यांसारख्या इतरांनी कळवलेली असते. ज्यांनी कळवले नाही, त्यांचा आकडा तिथे येत नाही. म्हणून हा अर्ज कच्चा मसुदा समजूनच वाचायला हवा.

कोल्हापुरात हा फरक जास्त जाणवतो, कारण इथे अनेक पगारदारांच्या ठेवी पतसंस्थांत असतात. सहकारी बँक व्याजाची माहिती खात्याला कळवते. पतसंस्था मात्र सभासदाच्या व्याजावर बहुतेक वेळा टीडीएस कापत नाही, त्यामुळे ते व्याज अर्जात अनेकदा दिसतच नाही. टीडीएस नाही म्हणजे कर नाही, हा समज चुकीचा आहे.

समजा, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील एका कर्मचाऱ्याचा २०२४-२५ चा पगार १० लाख रुपये आहे. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ९ लाख २५ हजार उरतात. पतसंस्थेचे ३० हजार व्याज अर्जात नाही. ते १० टक्क्यांच्या टप्प्यात येते. म्हणजे ३,००० रुपये कर आणि ४ टक्के उपकराचे १२०, एकूण ३,१२० रुपये. पतसंस्थेकडून व्याजाचा दाखला घेऊन ही रक्कम ‘इतर उत्पन्न’ या भागात स्वतः लिहावी आणि कर भरून मगच अर्ज सादर करावा.

खरी गफलत पुढे होते. अर्ज सादर केला की काम संपले, असे अनेकांना वाटते. ई-पडताळणी ही करदात्याची सही आहे. ती ३० दिवसांत करावी लागते. त्या वर्षीची मुदत १६ सप्टेंबर २०२५ होती. या कर्मचाऱ्याने १० सप्टेंबरला अर्ज भरला आणि पडताळणी १५ ऑक्टोबरला केली, तर अर्ज १५ ऑक्टोबरलाच भरला असे धरले जाते आणि ५,००० रुपये विलंब शुल्क लागते. पडताळणी केलीच नाही, तर विवरणपत्र अवैध ठरते.

म्हणून e-Verify Later हा पर्याय टाळलेलाच बरा. आधार ओटीपीने हे काम काही मिनिटांत होते. आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर ओटीपी येत नाही. अशा वेळी नेट बँकिंगमधून पडताळणी करता येते. शेवटी View Filed Returns मध्ये पडताळणी झाल्याची नोंद दिसते का, ते पाहावे. ती दिसली, तरच विवरणपत्र भरले असे म्हणता येईल.