तुमचं वजन 60 किलो? पुस्तक म्हणतं, नाही!

2021 पासून जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. मराठीतून इंजिनिअरिंगही त्याच वर्षी सुरू झालं. तेव्हापासून एक तक्रार कायम ऐकू येते, की मराठी शास्त्रीय शब्द फार जड आहेत. मला उलटं वाटतं. ‘संवेग’सारखा अनोळखी शब्द आपण निदान पाठ तरी करतो. घोळ होतो तो ओळखीच्या शब्दांत.

‘वजन’च घ्या. दुकानात आपण एक किलो वजनाची साखर मागतो. पुस्तकात मात्र किलो हे वस्तुमानाचं एकक आहे, म्हणजे वस्तूत द्रव्य किती आहे त्याचं माप. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने ओढते ते बल, आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. सूत्र सोपं आहे: W = mg. तुमचं वस्तुमान 60 किलो असेल तर पृथ्वीवर वजन साधारण 588 न्यूटन भरेल आणि चंद्रावर फक्त 97. वस्तुमान मात्र दोन्हीकडे 60 किलोच.

आता परीक्षेत बघा. समजा प्रश्न आहे: ‘20 वजनाच्या ठोकळ्यावर 10 न्यूटन बल लावलं, घर्षण नाही, तर त्वरण किती?’ हे 20 किलो असतील तर त्वरण 0.5 m/s² येतं. 20 न्यूटन असतील तर वस्तुमान साधारण 2 किलो, म्हणून त्वरण 5 च्या आसपास. एका शब्दाने उत्तर दहापट बदललं! म्हणून शब्दाआधी एकक बघा. किलो दिसलं की वस्तुमान, न्यूटन दिसलं की बल. तरीही शंका उरली तर इंग्रजी प्रश्न वाचा, कारण जेईईत भाषांतरावरून वाद झाला तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात.

हा दोष मराठीचा नाही. इंग्रजीतही पाकिटावर ‘नेट वेट’ लिहून पुढे किलोच छापतात. उलट ‘वस्तुमान’ हा शब्द बाजारात कोणी वापरत नाही, त्यामुळे त्याचा अर्थ शाबूत राहिलाय.

‘वेग’चं नशीब तसं नाही. रस्त्यावर पाटी असते ‘वेगमर्यादा 80’. पण पुस्तकात वेगाला दिशा लागते. बिनदिशेच्या मापाला तिथे ‘चाल’ म्हणतात. म्हणजे पाटीवरचा आकडा आणि गाडीच्या काट्यावरचा आकडा, दोन्ही खरं तर चालच. गोल रस्त्यावर काटा 40 वर स्थिर असला तरी वेग क्षणोक्षणी बदलत असतो, कारण दिशा बदलते.

वजनाचा फरक फोनवरही दिसतो. सेन्सरचं ॲप उघडून ॲक्सेलरोमीटर लावा आणि फोन लिफ्टच्या फरशीवर आडवा ठेवा. आकडा 9.8 च्या आसपास असेल. लिफ्ट वर निघताना तो क्षणभर वाढतो, थांबताना कमी होतो. तिथे वजनकाट्यावर उभे असता, तर त्याचा आकडाही तसाच हलला असता. तुमच्यातलं द्रव्य मात्र तेवढंच!